माणशी किती? बक्षिसाच्या सहलीचा हिशेब

एप्रिल संपत आला, वर्षाच्या विक्रीचे आकडे बंद झाले, की अनेक कंपन्यांच्या मार्केटिंग खात्यात एक रंगीत फाईल येते. मुखपृष्ठावर निळं पाणी, आत तीन ठिकाणांचे पर्याय, दिवसवार कार्यक्रम, हॉटेलांचे फोटो आणि शेवटच्या पानावर एक आकडा: माणशी इतके रुपये. वर्षभर टार्गेट पूर्ण केलेल्या विक्री प्रतिनिधींना आणि डीलरांना कुठे न्यायचं, हे बहुतेक वेळा या एका आकड्यावर ठरतं. आकडा बजेटमध्ये बसला तर साहेबांची सही होते. पुढे सहा महिन्यांनी अकाउंट्स खातं विचारतं, मंजूर केलं होतं ८५ हजार, मग विजेत्यामागे लाखाच्या आसपास खर्च कसा झाला?

यात लबाडी असतेच असं नाही. माणशी खर्च ही दुकानातल्या वस्तूसारखी ठरलेली किंमत नसते. तो एक भागाकार असतो. वर काय मोजलं आणि खाली किती माणसं धरली, यावर त्याचं उत्तर बदलतं.

समजुतीसाठी एक उदाहरण घेऊ. कोल्हापूरची शेतीपंप बनवणारी एक कंपनी आहे. महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात तिचं जाळं आहे. वर्षाच्या स्पर्धेतून तिने ३५ विजेते निवडले. काही कंपनीचे पगारी विक्री प्रतिनिधी, तर काही डीलर. सोबत पाच अधिकारी जाणार, म्हणजे एकूण ४० जण. टूर ऑपरेटरने तीन पर्याय दिले: गोवा दोन रात्री, बँकॉक-पट्टाया चार रात्री आणि व्हिएतनाममधलं हनोई व हालाँग उपसागर चार रात्री. पुढचे सगळे आकडे कल्पित आहेत, पण हिशेबाची पद्धत या धंद्यात रोज वापरली जाते तीच आहे.

तीन पर्याय कशासाठी?

प्रस्तावात तीन पर्याय देण्याची रीतच आहे. एक स्वस्त, एक महाग आणि एक ऑपरेटरला स्वतःला विकायचा. या प्रस्तावात गोवा माणशी २८ हजार, बँकॉक-पट्टाया ६८ हजार आणि व्हिएतनाम ८५ हजार होतं. पण बक्षिसाच्या सहलीत स्वस्त-महाग यापेक्षा आधीचा प्रश्न असतो: हे ठिकाण विजेत्याला बक्षीस वाटेल का?

गोव्यात चांगलं हॉटेल मिळेल, खाण्याची अडचण नाही, पासपोर्ट लागत नाही. पण कोल्हापूर-बेळगावकडचा डीलर गोव्याला शनिवार-रविवारी स्वतःची गाडी काढून जातो. त्यासाठी तो वर्षभर जास्तीचे पंप विकणार नाही. शिवाय निकाल लागून सहल निघेपर्यंत जून-जुलै उजाडतो आणि पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावरचे जलक्रीडेचे खेळ बंद असतात. प्रस्तावातल्या पॅरासेलिंगच्या फोटोकडे पाहताना तारीख विचारायला हवी.

बँकॉक-पट्टायाचं गणित सोपं आहे. मुंबईहून थेट विमानं भरपूर आहेत, भारतीय जेवण सहज मिळतं, आणि मोठे गट सांभाळायची तिथल्या लोकांना सवय आहे. थायलंडने २०२३ च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना व्हिसा माफ केला. अशा सवलतींच्या अटी बदलत राहतात, म्हणून तिकिटं काढण्याआधी त्या त्या वेळचा नियम पाहावाच लागतो. अडचण वेगळीच आहे. विक्रीच्या धंद्यातल्या जुन्या माणसाचं पट्टाया दोनतीनदा पाहून झालेलं असतं. आणि विजेत्यांत तीन महिला असतील, तर रात्रीचा मोकळा वेळ ज्या गावात एकाच प्रकारच्या करमणुकीसाठी प्रसिद्ध आहे, तिथे त्यांनी संध्याकाळी करायचं काय, याचं उत्तर कार्यक्रमपत्रिकेत कुठेही लिहिलेलं नसतं.

व्हिएतनाम त्यामानाने नवं. मुंबई ते हनोई थेट विमान सुमारे पाच तासांत पोहोचतं. ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, एकदा प्रवेशाच्या व्हिसाची सरकारी फी २५ डॉलर. परतल्यावर लोकांना सांगण्यासारखं आणि दाखवण्यासारखं काही तिथे आहे. कंपनीचा कल तिकडेच झुकला, म्हणून आपणही तोच हिशेब उलगडू.

आकड्याच्या पोटात

माणशी खर्चाचे दोन भाग असतात. पहिला भाग प्रत्येक माणसाबरोबर वाढतो. चाळीस जण असोत की तीस, प्रत्येकाला तिकीट लागतंच. दुसरा भाग गटावर पडतो. बसचं भाडं बसचं असतं, आत कितीही माणसं बसोत. हा दुसरा भाग सगळ्यांत वाटला जातो.

आपल्या प्रस्तावात पहिला भाग असा:

विमानाचं जाऊन-येऊन तिकीट: २८,००० रुपये
हनोईत तीन रात्री, दोघांत एक खोली, नाश्त्यासह: ९,०००
हालाँगमध्ये एक रात्र बोटीवर, जेवणासह: ९,५००
बाकीची दुपार-रात्रीची जेवणं: ७,०००
प्रवेश फी, नौकाविहार, कार्यक्रमांची तिकिटं: ३,५००
व्हिसा आणि प्रवास विमा: ३,०००
एकूण माणशी: ६०,०००

दुसरा भाग गटाचा. पाच दिवसांची मोठी बस १ लाख ६० हजार, स्थानिक गाइड ४० हजार, बक्षीस समारंभाची रात्र म्हणजे हॉल, मंच, ध्वनी, फलक आणि ट्रॉफ्या धरून अडीच लाख, फोटो आणि व्हिडिओ ५० हजार, सोबत येणाऱ्या टूर मॅनेजरचा खर्च ७० हजार, टिप आणि किरकोळ ३० हजार. बेरीज सहा लाख. चाळीस जणांत वाटली की माणशी १५ हजार.

झाले ७५ हजार. त्यावर ऑपरेटरचा आठ टक्के नफा, ६ हजार. ८१ हजारांवर टूर पॅकेजचा पाच टक्के जीएसटी, ४,०५०. शेवटच्या पानावरचा आकडा ८५,०५० रुपये आला तो असा.

आता गंमत पाहा. समजा व्यवहारात ३० जणच गेले. कोणाच्या घरी लग्न निघालं, कोणाचा पासपोर्ट आला नाही. गटाचे सहा लाख आता तिसांत वाटायचे, म्हणजे माणशी २० हजार. नफा आणि जीएसटी धरून आकडा ९०,७२० वर जातो. गळालेल्या दहा जणांचं विमानाचं बुकिंग आणि बोटीतल्या खोल्या यांचा दंड अजून यात धरलेलाच नाही.

उलट माणसं वाढली तर स्वस्त पडेल, असं वाटतं. तेही नेहमी खरं नसतं. ४० जण आणि गाइड एका मोठ्या बसमध्ये मावतात. ५० झाले की दुसरी बस, दुसरा गाइड. गटाचा खर्च सहावरून आठ लाखांवर गेला, तर पन्नासांत वाटूनही माणशी १६ हजार येतात, म्हणजे चाळिसांच्या वेळेपेक्षा हजाराने जास्त. हालाँगच्या एका मध्यम बोटीत वीसेक खोल्या असतात. चाळीस जणांना पूर्ण बोट मिळते आणि समारंभही बोटीवर करता येतो. पन्नास झाले की गट दोन बोटींत फुटतो. म्हणून प्रस्ताव मागवताना एकच आकडा घेऊ नये. ३०, ३५, ४० आणि ४५ माणसांसाठी चार आकडे मागावेत. सराईत ऑपरेटरला त्यासाठी फारसा वेळ लागत नाही.

अजून एक भागाकार कंपनीने स्वतः करायचा असतो. ४० जणांचे एकूण ३४ लाख २ हजार रुपये झाले. पण त्यातले पाच जण अधिकारी आहेत, ते काही जिंकलेले नाहीत. खर्च ३५ विजेत्यांसाठी चालला आहे, म्हणून भागायचं ३५ ने. उत्तर येतं ९७,२००. लेखाच्या सुरुवातीला अकाउंट्स खात्याने विचारलेला प्रश्न हाच. तीस जणच गेले आणि त्यात अधिकारी पाचच्या पाच राहिले, तर हाच आकडा एका विजेत्यामागे १ लाख ९ हजारांच्या जवळ पोहोचतो. अधिकाऱ्यांनी जाऊ नये असं नव्हे. बक्षीस देणारा हात तिथे हवाच. पण त्यांचा खर्च कोणाच्या नावावर पडतो आहे, हे सही करताना दिसायला हवं.

‘समाविष्ट नाही’ हे पान

प्रस्तावाचं सगळ्यात कमी वाचलं जाणारं पान म्हणजे समाविष्ट नसलेल्या गोष्टींची यादी. खरा फरक तिथेच पडतो.

पहिली गोष्ट, खोली मिळण्याची वेळ. भारतातून निघणारी बरीच विमानं रात्रीची असतात. गट पहाटे उतरतो आणि हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळते. चाळीस माणसं दाढी-अंघोळीविना, बॅगा लॉबीत टाकून, थेट शहर पाहायला निघाली की पहिला दिवस वाया गेलाच म्हणून समजा. आदल्या रात्रीपासून खोल्या घ्यायच्या तर अर्ध्या किंवा पूर्ण रात्रीचं भाडं पडतं. ते प्रस्तावात आहे का, हे विमानाची वेळ आणि हॉटेलची वेळ शेजारी ठेवून तपासायचं.

दुसरी गोष्ट, दोघांत एक खोली. विजेत्यांत महिला तीन असतील तर एकीला स्वतंत्र खोली लागणार आणि तिचं जादा भाडं कोणीतरी भरणार. एरिया मॅनेजर आणि त्याच्याच हाताखालचा प्रतिनिधी एका खोलीत टाकले, तर दोघांचीही सुट्टी होत नाही. खोल्यांची यादी म्हणजे रूमिंग लिस्ट, ती ऑपरेटरने नव्हे, माणसं ओळखणाऱ्याने करावी.

तिसरी गोष्ट, डॉलर. परदेशातल्या खर्चाचा भाव डॉलरमध्ये असतो आणि रुपयांतला दर पैसे भरायच्या दिवशीचा लागतो. माणशी ५०० डॉलरचा भाग असेल आणि मधल्या काळात डॉलर दोन रुपयांनी चढला, तर माणशी हजार, चाळिसांचे चाळीस हजार वाढले. प्रस्तावात कोणता दर धरला आहे आणि तो किती तारखेपर्यंत टिकेल, हे लिहून घ्यायचं.

याशिवाय लातूरच्या विजेत्याला मुंबई विमानतळापर्यंत कोण आणणार, समारंभाच्या रात्रीचं मद्य कोणाच्या बिलात, अशा बारीकसारीक गोष्टी असतात. त्या प्रत्येक कंपनीच्या धोरणावर जातात.

चार दिवस भरायचे कशाने?

कार्यक्रमपत्रिका पाहताना अंतरं आणि माणसांची संख्या एकत्र वाचावी लागते. हनोईहून हालाँग दीडेकशे किलोमीटर, द्रुतगती मार्गाने सुमारे अडीच तास. बोटीत चढायचं दुपारच्या सुमारास, उतरायचं दुसऱ्या दिवशी सकाळी. हा भाग सहलीचा गाभा आहे आणि तो चांगला जमतो.

निन्ह बिन्हजवळच्या चांग आनचं तसं नाही. चुनखडीच्या डोंगरांमधून, गुहांखालून वल्ह्याच्या होडीतून फिरायचं हे ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि हनोईहून साधारण दोन तासांवर आहे. पण एका होडीत चार प्रवासी. आपल्या गटाला दहा-अकरा होड्या लागणार. पहिली होडी निघते आणि शेवटची भरते, यात बराच वेळ जातो. फेरीलाच दोन-तीन तास लागतात. म्हणजे जाणं-येणं धरून अख्खा दिवस. त्याच संध्याकाळी पत्रिकेत पाण्यावरच्या कठपुतळ्यांचा खेळ आणि त्यानंतर बक्षीस समारंभ लिहिला असेल, तर ती पत्रिका खुर्चीत बसून केलेली आहे. समारंभाला लोक दमून येतात, भाषणांत पेंगतात आणि अडीच लाखांचा मंच अर्धा रिकामा राहतो.

जेवणाचा विषय आपल्याकडच्या गटात नेहमीच नाजूक. व्हिएतनामी स्वयंपाकात माशांपासून केलेलं खारट पाणी जागोजागी पडतं, पालेभाजीतसुद्धा. हनोईत भारतीय जेवणाची हॉटेलं आहेत, तिथे प्रश्न नाही. बोटीवर मात्र स्वयंपाकघर त्यांचं असतं. शाकाहारी किती, जैन किती, हे आकडे आधी कळवून, पदार्थांची नावं लिहून घ्यावी लागतात. ‘शाकाहारी जेवणाची सोय आहे’ एवढ्या वाक्यावर समाधान मानलं, तर तिसऱ्या दिवशी खाकऱ्याची आणि चिवड्याची पाकिटं बाहेर निघतात.

आणि ऋतू. उत्तर व्हिएतनामला जुलै ते सप्टेंबर वादळांचा धोका असतो. २०२४ च्या सप्टेंबरात यागी वादळाने हालाँगची मोठी हानी केली. २०२५ च्या जुलैत अचानक आलेल्या वादळात तिथे पर्यटकांची एक बोट उलटली आणि अनेक जण दगावले. हवामान बिघडलं की प्रशासन बोटी थांबवतं. ते योग्यच. पण तसं झालं तर बोटीचे पैसे परत मिळणार की हनोईत पर्यायी खोली मिळणार, हे करारात असायला हवं. पंपांची विक्री उन्हाळ्यात जोरात असते आणि पावसाळ्यात थंडावते, म्हणून विक्री खात्याला सहल जुलै-ऑगस्टमध्ये सोयीची वाटते. हालाँगला तीच वेळ गैरसोयीची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा चांगली, तेव्हा दिवाळी सांभाळून तारीख काढावी लागते.

बक्षिसावरचा कर

सहलीच्या प्रस्तावात जी ओळ कधीच नसते, ती प्राप्तिकराची. टूर ऑपरेटरचा तो विषय नाही, पण कंपनीचा आणि विजेत्याचा आहे.

पगारी प्रतिनिधीला मिळालेली सहल ही पगाराबाहेरची सवलत धरली जाते आणि तिची किंमत त्याच्या उत्पन्नात मिळवून पगारातून कर कापला जातो. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाला ८५,०५० रुपयांच्या सहलीवर उपकरासह सुमारे १७,७०० रुपये कर बसतो. सहल संपून महिना झाला आणि हातात पगार कमी आला, की आनंदाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

डीलर नोकर नसतो. त्याच्यासाठी २०२२ च्या १ जुलैपासून वेगळी तरतूद आली. ती १९४-आर या नावाने ओळखली गेली. धंद्यातून मिळालेला लाभ वर्षात २० हजारांच्या वर गेला, तर देणाऱ्याने दहा टक्के कर कापायचा. टार्गेट पूर्ण केल्याबद्दलची सहल, सोबत नेलेल्या कुटुंबीयांसह, यात येते हे प्राप्तिकर खात्याने परिपत्रकात स्पष्ट केलं. सहलीला ‘परिषद’ असं नाव दिलं तरी ती निवडक विजेत्यांसाठीच असेल तर सुटका नाही. आता सहलीतून दहा टक्के कापणार कसे? एक तर डीलरने आधी कर भरून तसं लिहून द्यायचं, किंवा कंपनीने तो आपल्या खिशातून भरायचा. कंपनीने भरला तर भरलेला करही लाभच ठरतो, म्हणून हिशेब दहा टक्क्यांचा न राहता नव्वदास दहाचा होतो. ८५,०५० वर ९,४५० रुपये. आपल्या गटात वीस डीलर असतील, तर १ लाख ८९ हजार. ही रक्कम मंजूर बजेटात धरलेली असते का?

परदेशी पॅकेजवर ऑपरेटर कंपनीकडून टीसीएसही गोळा करतो. २०२० च्या ऑक्टोबरपासून तो सुरू झाला आणि त्याचे दर पुढे बदलत गेले. तो कंपनीला आपल्या करात वळता करता येतो, पण तोवर पैसे अडकतात.

प्रस्ताव उशिरा येतो, हीच मूळ चूक

इतक्या गोष्टी चुकण्याची शक्यता असते, त्याचं कारण बहुतेक वेळा एकच: निकाल लागल्यावर प्रस्ताव मागवणं. पस्तीस विजेते जाहीर झाले, की कळतं काहींकडे पासपोर्टच नाही, काहींच्या पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी उरली आहे, एखाद्याचं पासपोर्टवरचं नाव आणि कंपनीतलं नाव जुळत नाही. पोलीस पडताळणी रेंगाळली की तारीख हातची जाते. विमान कंपन्या दहा किंवा अधिक जणांना गटाचा दर देतात. त्यात अनामत आधी आणि नावं नंतर द्यायची मुभा असते, पण ठरलेल्या तारखेनंतर माणूस गळाला तर पैसे बुडतात. उशीर झाला की ही सोयच उरत नाही आणि तिकीट त्या दिवशीच्या चढ्या भावाने घ्यावं लागतं.

स्पर्धा एप्रिलमध्ये सुरू होणार असेल, तर प्रस्ताव त्याआधीच्या फेब्रुवारीत हातात हवा. ठिकाण, महिना, एकट्याने की जोडीने, आणि कर कोण भरणार, हे चारही स्पर्धेच्या पहिल्याच परिपत्रकात छापावं. व्हिएतनामच्या एका माणसाच्या खर्चात गोव्याची जोडीची सहल चांगल्या हॉटेलात होते आणि पैसे उरतात. विजेत्यांना काय हवं, हे विचारायलाही तेव्हाच वेळ असतो. आपल्या पंपवाल्या कंपनीने या वर्षी हाती असलेल्या तीन पर्यायांत निवड करायची, तर व्हिएतनाम घ्यावं, पण नोव्हेंबरमध्ये, आणि बजेट माणशी ८५ हजारांचं न धरता विजेत्यामागे करासह १ लाख ५ हजारांचं मंजूर करून. तेवढे पैसे नसतील तर विजेते कमी करावेत, खोल्या आणि जेवणं कमी करू नयेत.

आणि तुम्ही स्वतः अशा स्पर्धेत उतरला असाल, तर टार्गेटचा कागद हातात आला की दोन गोष्टी त्याच दिवशी करा: सहलीवरचा कर कोण भरणार ते लेखी विचारा, आणि आपल्या पासपोर्टची मुदत पाहा.